सर्व्हिसेसमधला रेझ्युमे प्रॉडक्ट कंपनीत का अडकतो

प्रश्न: मी ऐरोलीत एका आयटी सर्व्हिसेस कंपनीत आहे, सहा वर्षं जावा बॅकएंड. रेटिंग दरवर्षी चांगलं, क्लायंटही खूश. पण प्रॉडक्ट कंपनीत अर्ज केला की काही दिवसांत नकाराचा मेल येतो. तोच रेझ्युमे दुसऱ्या सर्व्हिसेस कंपनीला पाठवला तर दोन दिवसांत फोन. जेडीमधलं सगळं माझ्याकडे आहे. मग कमी काय पडतंय?

उत्तर:

तुमचा रेझ्युमे मी पाहिलेला नाही, पण तुम्ही सांगताय त्यावरून तो चांगला असणार आणि ज्या वाचकासाठी लिहिला आहे त्याच्यासाठी अगदी बरोबर असणार. अडचण ही की प्रॉडक्ट कंपनीत तो वाचक नसतोच. मी स्वतः महापेला एका सर्व्हिसेस कंपनीत सुरुवात केली आणि आता बरीच वर्षं प्रॉडक्ट कंपनीत बॅकएंडच्या टीमसाठी माणसं निवडते. त्यामुळे दोन्हीकडे रेझ्युमे कसा वाचला जातो हे जवळून पाहिलं आहे. जे लिहिते आहे ते बॅकएंडपुरतं धरा. टेस्टिंग, सॅप किंवा इन्फ्रा सपोर्टमधल्यांसाठी यातलं काही लागू होईल, काही नाही.

सर्व्हिसेस कंपनीत तुमचा रेझ्युमे शेवटी कुणाच्या टेबलावर जातो ते आठवा. एखाद्या अकाउंटमध्ये जागा निघते, आरएमजीकडे मागणी येते: स्प्रिंग बूट, ओरॅकल, मायक्रोसर्व्हिसेस, पाच वर्षांच्या वर, लगेच उपलब्ध. मग तुमचं प्रोफाइल कंपनीच्या ठरलेल्या साच्यात बसवून क्लायंटकडे जातं. तिथला मॅनेजर एवढंच बघतो की मागितलेल्या तंत्रज्ञानांवर माणसाने काम केलंय का आणि त्याच्या क्षेत्रातला अनुभव आहे का. म्हणून त्या साच्यात 'प्रोजेक्ट १, क्लायंट, डोमेन, एन्व्हायर्नमेंट, टीम साइज, रोल्स अँड रिस्पॉन्सिबिलिटीज' असे रकाने असतात आणि असे पाच-सहा प्रोजेक्ट एकाखाली एक येतात. जितकी विविधता, तितक्या जास्त अकाउंटमध्ये तो माणूस बसू शकतो, बिलेबल होऊ शकतो. तुम्हाला दोन दिवसांत फोन येतो तो त्यामुळेच. त्या कंपनीकडे कुठली तरी जागा रिकामी आहे आणि तुमचे रकाने तिच्याशी जुळतात.

प्रॉडक्ट कंपनीत बिल लावायला क्लायंट नाही. घेतलेल्या माणसाने लिहिलेला कोड त्याच टीमला पुढची चार-पाच वर्षं सांभाळायचा असतो आणि तो मध्यरात्री पडला तर त्यांच्यातल्याच कुणाला तरी उठायचं असतं. त्यामुळे रेझ्युमे वाचताना माझ्या मनात जी शंका असते ती तंत्रज्ञानाची नसते. या माणसाला दर वेळी काय करायचं ते कुणी सांगावं लागेल का, ही ती शंका. मी शोधत असते ते असं: काम कुणी हातात दिलं की याने अडचण स्वतः हुडकली, दोन-तीन वाटा समोर असताना एक का निवडली, आणि रिलीज झाल्यावर पुढे काय झालं हे याला माहीत आहे का. साच्यातल्या रेझ्युमेत याचं एकही उत्तर नसतं, कारण तो साचा या प्रश्नांसाठी केलेलाच नाही.

जेडीमधलं सगळं माझ्याकडे आहे, असं तुम्ही म्हणता. ते महत्त्वाचं आहे, पण फक्त पहिल्या दारापर्यंत. रिक्रूटर जेडी समोर ठेवून चाळणी लावतो: जावा आहे, स्प्रिंग बूट आहे, अनुभव बसतोय, नोटीस किती आहे. त्यातून गेलेले रेझ्युमे हायरिंग मॅनेजरकडे येतात आणि त्या गठ्ठ्यात सगळ्यांकडेच जेडीमधलं सगळं असतं. तुम्ही बहुतेक या दुसऱ्या दाराशी अडकताय.

हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून एक उदाहरण नीट उलगडते. डोंबिवलीची एक मुलगी, पाच वर्षांचा अनुभव, सगळा काळ एका युरोपीय विमा कंपनीच्या क्लेम्स सिस्टिमवर. ओळखीतून तिचा रेझ्युमे माझ्याकडे सल्ल्यासाठी आला. रेझ्युमे इंग्रजीतच असतात, मी मराठीत सांगते. तिची मूळ ओळ अशी होती: 'क्लेम्स मॉड्यूलसाठी बॅच जॉब विकसित करणे, युनिट टेस्टिंग, दोष दुरुस्ती आणि परफॉर्मन्स सुधारणा यांची जबाबदारी.' हीच ओळ थोड्याफार फरकाने मी असंख्य रेझ्युमेंमध्ये वाचली आहे. 'जबाबदारी' या शब्दातून तिने प्रत्यक्ष काही केलं की नाही हेसुद्धा कळत नाही.

मी तिला फोनवर विचारलं, परफॉर्मन्स सुधारणा म्हणजे नेमकं काय केलंस? मग गोष्ट बाहेर आली. रात्री एक जॉब चालायचा. भागीदार कंपन्यांकडून आलेल्या फाइलींमधले क्लेम वाचून पोस्टग्रेसमध्ये घालायचे. रोज साधारण अडीच लाख क्लेम, प्रत्येकामागे खर्चाच्या सात-आठ ओळी. फाइली वाढत गेल्या आणि जॉब पाच तासांवर गेला. युरोपातलं ऑफिस सकाळी उघडायचं तेव्हा तो चालूच असायचा आणि स्क्रीनवर अर्धेच क्लेम दिसायचे. तिच्याकडे आलेलं तिकीट एवढंच होतं: जॉब अडकला तर रीस्टार्ट करा.

तिने रीस्टार्ट केला, पण हायबरनेटचा एसक्यूएल लॉगही उघडून बघितला. `hibernate.jdbc.batch_size` पन्नासवर ठेवलेलं होतं, म्हणजे पन्नास-पन्नास ओळींचा गठ्ठा एकदम जायला हवा होता. प्रत्यक्षात प्रत्येक ओळ सुटी जात होती आणि दर ओळीला डेटाबेसपर्यंत एक फेरी होत होती. कारण टेबलांचे आयडी IDENTITY पद्धतीने तयार होत होते. त्या पद्धतीत आयडी डेटाबेस देतो आणि तोही ओळ घातल्यावरच. आयडी कळल्याशिवाय हायबरनेटला पुढे जाता येत नाही, त्यामुळे तो इन्सर्ट लगेच पाठवतो आणि त्याचा गठ्ठा करणं बंद ठेवतो. सेटिंग लिहिलेलं असूनही त्याचा काही उपयोग होत नव्हता आणि कुठे एररही येत नव्हती. तिने क्लेम आणि खर्चाच्या ओळी, दोन्ही टेबलांचे आयडी सीक्वेन्सवर नेले:

```java
@Id
@GeneratedValue(strategy = GenerationType.SEQUENCE,
                generator = "claim_seq")
@SequenceGenerator(name = "claim_seq",
                   sequenceName = "claim_seq",
                   allocationSize = 50)
private Long id;
```

डेटाबेसमधल्या सीक्वेन्सचा टप्पाही पन्नासच ठेवला आणि सुरुवात जुन्या सर्वांत मोठ्या आयडीच्या पन्नासाहून जास्त आकडे पुढून केली, कारण हायबरनेट सीक्वेन्समधून आलेला आकडा गठ्ठ्याचा शेवट धरतो आणि त्याच्या मागचे आकडेही वापरतो. नाहीतर नवे आयडी जुन्यांवर आदळले असते. जॉब सव्वा तासात संपायला लागला.

एवढ्यावर ती थांबली असती तरी ओळ चांगली झाली असती. पण मी विचारलं, यामुळे दुसऱ्या कुणाचं काही बिघडलं का? तेव्हा तिने जे सांगितलं ते तिच्या लेखी फुटकळ होतं आणि माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं. सीक्वेन्समधून पन्नास आयडी एकदम घेतले जातात आणि सर्व्हिस रीस्टार्ट झाली की उरलेले वाया जातात. त्यामुळे आयडींच्या क्रमात फटी पडतात. क्लायंटकडच्या दुसऱ्या एका टीमचा ताळमेळाचा रिपोर्ट आयडी सलग आहेत असं धरून चालायचा आणि मधला आकडा नसला की 'क्लेम गहाळ' असं दाखवायचा. बदल टेस्ट एन्व्हायर्नमेंटवर असतानाच हे तिच्या लक्षात आलं. ती त्या टीमशी बोलली आणि त्यांची पडताळणी आयडीऐवजी फाइलीतल्या ओळींच्या संख्येवर नेली. मगच बदल प्रॉडक्शनला गेला.

नवा मजकूर असा झाला: 'रात्रीचा क्लेम जॉब, रोज अडीच लाख क्लेम, पाच तासांवरून सव्वा तासावर आणला. इन्सर्ट एकेक जात असल्याचं एसक्यूएल लॉगवरून शोधून आयडी निर्मिती सीक्वेन्सवर नेली. आयडी सलग असण्यावर अवलंबून असलेला दुसऱ्या टीमचा रिपोर्ट रिलीजआधी ओळखून त्यांची पडताळणी बदलून घेतली.' काम तेच आणि माणूसही तोच. पण आता मॅनेजरला दिसतं की तिकिटात नव्हतं ते तिने शोधलं आणि आपला बदल दुसऱ्याच्या दारात काय करेल याचा विचारही तिनेच केला.

लोक पहिल्या वाक्यातल्या आकड्याच्या मागे लागतात, पण शेवटचं वाक्य जास्त वजनदार आहे. वेग वाढवणारे बरेच सापडतात. स्वतःच्या मॉड्यूलच्या कुंपणापलीकडे बघणारे कमी असतात आणि प्रॉडक्ट टीमला तेच हवे असतात, कारण तिथे पलीकडची टीम म्हणजे शेजारच्या खुर्चीतला माणूस असतो.

अशी ओळ लिहिली की मुलाखतीत तिच्यावरच प्रश्न येणार, आणि ते चांगलंच आहे. तिलाही विचारलं गेलं: हायबरनेट बाजूला ठेवून सरळ `JdbcTemplate` ने `batchUpdate` का नाही केलं, किंवा पोस्टग्रेसचं `COPY` का नाही वापरलं? वेग त्यानेही मिळाला असता. तिचं उत्तर होतं की क्लेममध्ये कुणी कधी काय बदललं याची ऑडिट नोंद हायबरनेटच्या लिसनरमधून होत होती, आणि सरळ डेटाबेसला लिहिलं असतं तर ती नोंद हुकली असती. विमा क्षेत्रात ते चालत नाही. मग आलं, रोलबॅक कसा करणार होतीस? आणि सव्वा तास कशावरून, एका रात्रीचा की महिन्याभराचा? ज्याने काम स्वतः केलंय त्याला ही उत्तरं पाठ करावी लागत नाहीत. ज्याने 'परफॉर्मन्स चाळीस टक्क्यांनी सुधारला' असं कुठून तरी उचलून चिकटवलंय तो 'कशावरून मोजलं' या पहिल्याच प्रश्नाला अडखळतो, आणि त्यानंतर रेझ्युमेतल्या खऱ्या ओळींवरही विश्वास राहत नाही. त्यामुळे आकडा आठवत नसेल तर बनवू नका. 'सकाळी ऑफिस उघडायच्या आत जॉब संपायला लागला' हेही मोजमापच आहे आणि ते खरं आहे.

तुमच्या सहा वर्षांतून असं काम कसं काढायचं? प्रोजेक्टच्या नावांपासून सुरुवात करू नका, त्याने परत रकानेच भरले जातात. प्रॉडक्शनला काय काय मोडलं होतं ते आठवा, तुमच्या कुठल्या सूचनेवर वाद झाला होता ते आठवा, आणि रजेवर असताना टीमने तुम्हाला कशासाठी फोन केला होता तेही आठवा. तिसऱ्याचं उत्तर बहुधा सगळ्यात चांगलं निघतं, कारण ती गोष्ट तुमच्याशिवाय कुणाला नीट माहीत नव्हती. असे दोन प्रसंग सापडले तरी पुरेत. बाकीचे चार प्रोजेक्ट एकेका ओळीत आटपा. सहा प्रोजेक्टांचं सारखंच वर्णन वाचून मॅनेजरला वाटतं की हा कुठेच मुरला नाही, प्रत्यक्षात तुम्ही तीन वर्षं एकाच सिस्टिमवर असलात तरी. एकाच क्लायंटसाठी तीन वेगळ्या नावांचे प्रोजेक्ट केले असतील तर ते एका शीर्षकाखाली घ्या आणि कालावधी एकत्र दाखवा. कौशल्यांच्या यादीतून ज्यावर आज प्रश्न विचारलेला चालणार नाही ते काढून टाका. पहिल्या वर्षी दोन महिने हाताळलेलं स्ट्रट्स तिथे ठेवून काहीच मिळत नाही.

इथे एक सावधगिरी. आठवायला मदत म्हणून क्लायंटची कागदपत्रं, लॉग किंवा कोड स्वतःच्या मेलवर पाठवू नका. करारात मनाई असते, आणि कंपनीच्या लॅपटॉपवरून असा मेल गेला तर तो पकडला जातो. क्लायंटचं नावही द्यायची गरज नाही. 'युरोपातली मोठी विमा कंपनी' एवढं पुरतं. उलट प्रॉडक्ट कंपनीचा मॅनेजर हेही बघतो की हा माणूस जुन्या ठिकाणची गुपितं किती सहज सांगतो.

आता पदाबद्दल, कारण इथे पुष्कळांचं मन दुखावतं. सहा वर्षांनी तुमच्या पदात कदाचित 'लीड' आलं असेल आणि रेझ्युमेच्या सुरुवातीलाच 'आठ जणांच्या टीमचं नेतृत्व' असं असेल. सर्व्हिसेसमध्ये तो वर चढण्याचा पुरावा आहे. प्रॉडक्ट कंपनीत मी पुढचा प्रश्न विचारते: नेतृत्व म्हणजे काय करत होता? तिकिटं वाटणं, स्टेटस कॉल, टाइमशीट बघणं असं उत्तर आलं तर मला काळजी वाटते की कोड शेवटचा कधी लिहिला. सहा वर्षांच्या माणसाला तिथे बहुतेक एसडीई-२ किंवा त्याच्या वरच्या पायरीवर धरलं जातं आणि ती पायरी वर्षांवरून नाही, मुलाखतीतल्या खोलीवरून ठरते. पदनाम खाली गेल्यासारखं दिसेल. काम आणि पगार ठीक असेल तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका, कारण 'लीड' हा शब्द दोन ठिकाणी दोन वेगळ्या कामांसाठी वापरला जातो. रेझ्युमेत मात्र आठ जणांच्या आधी तुम्ही ठरवलेली रचना येऊ द्या: कुणाचं डिझाइन तुम्ही बदलायला लावलं, कुणाचा कोड तपासून काय थांबवलंत.

हे सगळं तेव्हाच उपयोगी आहे जेव्हा लिहिण्यासारखं काम झालेलं आहे. सहा वर्षांपैकी चार जर एल-२ सपोर्टमध्ये तिकिटं पुढे ढकलण्यात गेली असतील, तर शब्द बदलून काही होणार नाही. त्या परिस्थितीत आधी आहे तिथेच जागा बदला. प्रॉडक्ट इंजिनिअरिंगचं अकाउंट असेल तर तिकडे अंतर्गत बदली मागा, किंवा आत्ताच्या सिस्टिममधला सगळ्यांना नकोसा असलेला जॉब स्वतःकडे घ्या आणि सहा-आठ महिने त्याचे मालक व्हा. नकोसा जॉब घ्या म्हणते कारण तो तुम्हाला द्यायला कुणी आडकाठी करत नाही आणि त्यात मोजता येण्यासारखं बरंच असतं. वरच्या गोष्टीतला जॉबही तसाच होता.

आपल्या भागाचीही एक गोष्ट यात येते. ऐरोलीपासून महापे, तुर्भेपर्यंतच्या पट्ट्यात आणि ठाण्यात घोडबंदर रोडकडे सर्व्हिसेस कंपन्यांची गर्दी आहे, पण शुद्ध प्रॉडक्ट कंपन्या त्यामानाने कमी. पवई, बीकेसी, पुणे किंवा बेंगळुरू बघावं लागतं, किंवा रिमोट. रेझ्युमेवर ठाणे किंवा ऐरोलीचा पत्ता दिसला की बाहेरचा रिक्रूटर धरून चालतो की हा हलणार नाही. हलायची तयारी असेल तर नावाखालच्याच ओळीत लिहा, आणि नसेल तर पुण्या-बेंगळुरूच्या जागांना अर्ज करण्यात वेळ घालवू नका. परदेशी बँका आणि विमा कंपन्यांची इथली स्वतःची केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात, ही मधली वाट आहे. तिथे रेझ्युमे अर्धा सर्व्हिसेसच्या नजरेने वाचला जातो, कारण डोमेनला किंमत असते, आणि अर्धा प्रॉडक्टच्या, कारण सिस्टिम त्यांची स्वतःची असते. सहा वर्षं बँकिंग किंवा विम्यात गेली असतील तर मी पहिला अर्ज तिकडे करायला सांगेन.

नोटीस पिरियडही त्याच वरच्या ओळीत असू द्या. सर्व्हिसेसमध्ये नव्वद दिवस नेहमीचे आहेत, पण लहान प्रॉडक्ट कंपनीला रिकामी जागा तीन महिने परवडत नाही. चांगला रेझ्युमे एवढ्याच कारणाने बाजूला ठेवलेला मी पाहिलाय. तुमच्या कंपनीत बायआउट होतो का हे एचआरच्या पॉलिसीतून आधी वाचून ठेवा आणि होत असेल तर तसं लिहा. लवकर मोकळं व्हावं म्हणून हातात ऑफर नसताना राजीनामा देऊ नका, आणि तारखा किंवा जुन्या नोकऱ्या इकडच्या तिकडे करू नका. पडताळणीत यूएएनवरची पीएफची नोंद बघितली जाते आणि तिथे प्रत्येक कंपनीत कधी लागलात, कधी सुटलात ते दिसतं.

रेझ्युमे बदलल्यावर सुधारणा झाली की नाही हे नकार कुठे येतोय त्यावरून ओळखा. रिक्रूटरचा फोनच येत नसेल तर वरची ओळ, नोटीस, ठिकाण आणि जेडीतले शब्द तपासा. फोन येतोय पण त्यानंतर मॅनेजरपाशी थांबतंय, तर ते दोन प्रसंग अजून नीट बसलेले नाहीत, ते परत लिहा. कोडिंगच्या फेरीत अडकत असाल तर रेझ्युमेला हात लावू नका. तिथे डेटा स्ट्रक्चर्सचा सरावच लागतो आणि सहा वर्षं सवय सुटलेल्या माणसाला त्याला दोन-तीन महिने रोजचा तासभर द्यावा लागतो. डिझाइनच्या फेरीपर्यंत पोचून नकार आला तर तुमच्याच सिस्टिमचा कागदावर नकाशा काढा आणि प्रत्येक बाणाशेजारी लिहा की ही वाट बंद पडली तर काय होईल. ज्या बाणापाशी उत्तर येत नाही, त्याबद्दल उद्या टीममधल्या जुन्या माणसाला विचारा.